काढून टाकलेले हुंकार

माझ्या आयुष्यातील पहिली नोकरी मला एकावन्नाव्या वर्षी मिळाली, आणि सहाव्याच आठवड्यात मी एका माणसाच्या नावापुढे असे वाक्य लिहून ठेवले, जे त्याने कधी उच्चारलेच नव्हते. ते वाक्य त्याच्या घरी पोहोचले तेव्हा मी गुलमंडीजवळच्या आमच्या घरात निवांत भाजी निवडत होते. हे मला नंतर कळले, आणि तेव्हापासून भाजी निवडताना अधूनमधून माझा हात थांबतो.

मराठी घेऊन एम.ए. झाले होते, पण त्या पदवीचा उपयोग मुलांचे निबंध तपासण्यापलीकडे कधी झाला नव्हता. चार माणसांत बोलायचे म्हटले की मी मागे सरके. मुले शिकून बाहेरगावी गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला एका लहानशा संशोधन संस्थेत नेले. दोन खोल्या, एक संगणक, कॅसेटींनी भरलेले एक लोखंडी कपाट. निजामाच्या अमलाच्या शेवटच्या आणि पोलीस अ‍ॅक्शनच्या नंतरच्या दिवसांविषयी खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या मुलाखती तिथे जमवल्या जात होत्या. संस्था चालवणारे सर हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते. मुलाखती तेच घेत. एक टंकलेखिका हेडफोन लावून कॅसेट ऐके आणि कानावर पडेल ते सारे टंकित करी. त्या कच्च्या मजकुराची सफाई करणे हे माझे काम होते.

सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेले मी वहीत उतरवून घेतले होते. “बोलणारे वेगळे करा. निरर्थक शब्द काढा. विषयानुसार मथळे द्या. बोली सुधारू नका आणि अर्थाला हात लावू नका.” नोकरीत नवी असलेली व्यक्ती जसे करते, तसे मी या सूचनांचे पाढ्यासारखे पाठांतर केले. त्या कोणत्या क्रमाने अमलात आणायच्या, हे मी विचारले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

कच्चा मजकूर म्हणजे एक सलग, न संपणारा परिच्छेद असे. टंकलेखिकेला माणसे दिसत नसत, त्यामुळे ती नावे घालत नसे, विरामचिन्हेही नसत. “म्हंजी”, “ते आपलं”, “काय म्हंत्यात त्याला” यांची रेलचेल असे. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाखतीत तर पावलोपावली “हूं” आणि “जी” होते. प्रत्येक ओळीत दोनदोनदा. मला वाटले, हा कचरा आधी झाडून टाकावा, म्हणजे खालची फरशी दिसेल. संगणकावर एकाच आज्ञेने सगळे “हूं” काढता येतात, हे मी नुकतेच शिकले होते. दुसरे शब्द तुटू नयेत म्हणून आगेमागे मोकळी जागा धरून मी ती आज्ञा दिली. मग “जी”ना दिली. मग फाइल जपून ठेवली, त्याच नावाने, जुनीवरच. मजकूर कसा स्वच्छ झाला होता! खरे सांगायचे तर मला त्या दिवशी स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

मुलाखत खुलताबादेजवळच्या दोन मित्रांची होती. एक शेतकरी, दुसरे शिवणकाम करणारे मुसलमान गृहस्थ. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी दोघेही नऊ वर्षांचे होते. घरे एकमेकांना लागून. बोली इतकी एक, की शब्दांवरून कोण कोणता ते ओळखू येऊ नये. टेलरच्या वडिलांना दोघेही “अब्बा” म्हणत. त्या अस्थिर दिवसांत शेतकऱ्याच्या वडिलांनी या अब्बांना आपल्या अंगणातल्या रिकाम्या पेवात लपवले होते. धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला तो खोल, अरुंद तोंडाचा खड्डा. आणि मजकुरात पुढे हे येत होते:

“त्यांनी इचारलं कुठंय. मी आधी नाय बोललो. मंग एकानं दांडकं आपटलं. मी बोट दाखवलं. पेवाकडं. अब्बा आत व्हते. त्यांना वर काढलं आन् नेलं. ते पुन्ना आले नाईत.”

हे कोण बोलले असेल, यावर मी एक पूर्ण दुपार घालवली. सर जुने दप्तर पाहायला हैदराबादला गेले होते. कॅसेट कपाटात होती, पण किल्ली टंकलेखिकेकडे आणि ती रजेवर. म्हणून मी तर्क केला. पेव शेतकऱ्याच्या अंगणात, अब्बांना शोधणारी माणसे आली ती त्याच्या दारात, म्हणजे बोट दाखवणारा मुलगा त्याच घरचा. आणखी एक गोष्ट होती, जी मी तर्काच्या नावाखाली लपवली. मुलगा स्वतःच्या वडिलांकडे बोट दाखवील, हे माझ्या मनाने मान्यच केले नाही.

मी शेतकऱ्याचे नाव घातले. मथळा दिला: “विश्वासघात”. लगेच पुढे पेवात दिवा टिकत नाही वगैरे माहिती येत होती, तिला वेगळा मथळा दिला: “धान्य साठवण्याची पद्धत”. मजकूर मुलाखत देणाऱ्यांना वाचायला पाठवून त्यांची सही घ्यायची आणि मगच पुस्तिकेत छापायचा, अशी सरांची रीत होती. आमचे शिपाईमामा खुलताबादचेच, रोज एसटीने येत-जात. एका संध्याकाळी पाकीट त्यांच्या पिशवीतून शेतकऱ्याच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टंकलेखिका रजेवरून आली. माझ्याहून निम्म्या वयाची, बोलकी मुलगी. तिने माझी फाइल उघडली आणि हसत म्हणाली, “अय्यो ताई, हूं-जी सगळेच उडवले? मग कोण बोललं ते कसं काय ओळखलं तुम्ही?”

“म्हणजे?”

“अहो, म्हातारे लोक गोष्ट सांगताना समोरच्याला हूं द्यायलाच लावतात ना. नाहीतर पुढं जातच नाहीत. यातले शेतकरी काका ‘हूं’ म्हणायचे आणि टेलरचाचा ‘जी’. मी म्हणूनच एकूण एक घातले होते. जिथं ‘हूं’ आहे, तिथं बोलणारे चाचा. जिथं ‘जी’, तिथं काका. नावं लागली की मग काढायचे ताई. आधी नाही.”

ती किल्ली घेऊन उठली, कॅसेट काढली, हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. फीत मागेपुढे करत ती जागा सापडली. कापरा, अगदी हलका आवाज: “त्यांनी इचारलं कुठंय.” आणि जवळून, नाकातून आलेला दुसरा, जाड आवाज: “हूं.”

जाड आवाज शेतकऱ्याचा होता. बोट टेलरने दाखवले होते. आपल्याच बापाकडे.

“घरी फोन करा ना त्यांच्या,” टंकलेखिका म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मी फोनपर्यंत गेले. फोन कोण उचलेल? त्याला काय सांगायचे? मी हात मागे घेतला, पिशवी उचलली आणि मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन खुलताबादची गाडी पकडली. एकटीने त्या वाटेने मी त्यापूर्वी कधी गेले नव्हते. दौलताबादचा दरवाजा, घाट, काहीच मला दिसले नाही. सांगायचे वाक्य मी घोकत होते, आणि मनात एकच हिशोब चालू होता: पाकीट काल पोहोचले असेल, तर रात्रीच उघडले असेल का? त्या माणसाला मुले असतील, नातवंडे असतील. बस घाटात एका बैलगाडीमागे अडकली, तेव्हा मी पुढच्या सीटची दांडी इतकी घट्ट धरली होती, की शेजारच्या बाईंनी विचारले, “घाट लागतोय का वं? लिंबू देऊ?”

गावकुसाबाहेर, रस्त्यालगत शेतकऱ्याचे घर होते. दार त्यांच्या सुनेने उघडले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी संस्थेतून आले आहे म्हणताच तिचा चेहरा बंद झाला.

“तुम्हीच का ते लिहिणाऱ्या? या. काल मीच वाचून दाखवलं सगळ्यांना. मोठ्यानं. मला काय ठाऊक त्यात काय असणार ते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “हे काल रात्रीपासून जेवले नाहीत. बापाशी बोलत नाहीत. चाचांच्या मांडीवर वाढलेत हो ते. म्हणतात, चाचांना तोंड कसं दाखवू?”

आत तिचा नवरा भिंतीकडे पाहत बसला होता. बाजेवर म्हातारे शेतकरी होते. हाताशी माझे पाकीट. मी काही बोलण्याआधीच त्यांनी कागद उलटून शेवटचे पान दाखवले. खाली वाकड्या अक्षरांत सही होती.

“झाली बघा सही. बराबर हाय सगळं.”

“काका,” मी म्हटले, “ते... त्यात एक चूक...”

आणि मी थांबले. कारण बसमध्ये तासभर घोकलेल्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तेव्हाच माझ्या ध्यानात आला. ‘हे तुम्ही बोलला नव्हता’ असे म्हटले, की खोलीतला प्रत्येक माणूस पुढचा प्रश्न विचारणार: मग कोण? दोघेच तर होते तिथे. ज्याने त्या मुलाखतीपर्यंत पन्नास वर्षे हे बहुधा कोणाला सांगितले नव्हते, त्याचे नाव मी त्याच्या पाठीमागे, त्याच्या मित्राच्या सुनेसमोर सांगणार होते. गप्प बसले तर हा माणूस स्वतःच्या मुलासमोर दगाबाज. बोलले तर तो.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मान इतरांना दिसणार नाही अशी डावीउजवीकडे हलवली. नको.

“चूकबिक काय नाय बाई,” ते सावकाश म्हणाले. “माझंच हाय ते. माझ्याच नावावर ऱ्हाऊ द्या. सूनबाई, च्या टाक.”

तेव्हा मला कळले, की या माणसाने काल रात्री मजकूर ऐकला, चूक तत्क्षणी ओळखली आणि ती अंगावर घेतली. आयता ओटा मिळाल्यावर एखादा वाटसरू जसा बसतो, तसा तो माझ्या चुकीवर बसला होता. मुलगा बोलेनासा झाला तरी उठत नव्हता.

मी चहाचा कप हातात धरून बसले. निघून जावे, एवढेच वाटत होते. पाकिटावर सही आहे, कोणी तक्रार केलेली नाही, सरांना कधी कळणारही नाही. माझ्यातील भित्र्या बाईला हे सगळे फार सोयीचे होते, हे मी इथे लपवत नाही.

इतक्यात बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज झाला. “ओ पाटील! जिते हाय का?” डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, गळ्यात मोजपट्टी. टेलरचाचा रोज याच वेळी चहाला येत.

“तीन एकराचा पाटील,” ते मला पाहून म्हणाले, “याला पाटील म्हटलं नाय तर च्या देत नाय हा.”

मुलगा उठून परसात निघून गेला. चाचांनी सगळ्यांकडे पाहिले, मग बाजेवरच्या कागदांकडे.

“आलं का आपलं? वाचा की मंग. मला उर्दू येती, मराठी वाचायला चष्मा न्हाय आन् अक्कल बी न्हाय.”

“नंतर वाचू,” शेतकरी म्हणाले. “लई मोठं हाय. सही कर, झालं.”

“न वाचता सही? जमिनीपायी कोर्टात जाणारा तू, आन् मला शिकवतो?” चाचा माझ्यासमोर खाली बसले. “वाचा बाई तुमी.”

मी वाचू लागले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. शाळेचे, बाजाराचे, दोघांनी मिळून चोरलेल्या बोरांचे भाग झाले. चाचा मधून मधून “जी” म्हणत होते. मग ते पान आले. मी शेतकऱ्यांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. मी मथळा वाचला, नाव वाचले, आणि ती सात-आठ वाक्ये वाचली. चाचांचे “जी” थांबले.

“पुढं?”

“पुढचा मथळा आहे... धान्य साठवण्याची पद्धत. ‘पेव लई दिवस बंद असलं का आत दिवा टिकत नाय. दिवा इझला का मानूस बी टिकत नाय. आमाला लहानपनापासून सांगितलेलं. झाकन लावलेलं व्हतं.’”

चाचा अगदी शांतपणे म्हणाले, “धान्य न्हाय हो बाई. अब्बा व्हते त्यात.”

मी कागद खाली ठेवला.

“मला वाटलं, आत ते मरून जातील. झाकन कुनी काढंना. हे लोकं तरी काढतील. म्हनून दाखवलं मी.” ते मित्राकडे वळले. “आन् तू रं? तुझ्या नावानं वाचलं ह्यांनी, आन् तू सही ठोकली? माझं तू का घेतलंस?”

“चुकून लिव्हलं त्यांनी. ऱ्हाऊ दे म्हटलं.”

“का ऱ्हाऊ दे?”

“तुझं काय... तुझी लेकरं हायत, जावई हायत. माझ्या लोकांचं काय, दोन दिस रुसतील.”

“दे इकडं,” चाचा म्हणाले. “माझा बाप हाय. माझं मला दे.”

दारात सून उभी होती. परसातून मुलगाही केव्हा आत आला होता ते कळले नाही. चाचांनीच त्याला जवळ बोलावले, हात धरून खाली बसवले आणि सगळे पुन्हा, पहिल्यापासून सांगितले. मी त्या वेळी डोळे मिटून घेतले होते. वडिलांनी गोष्टीला हुंकार दिल्याचे तेवढे ऐकू येत होते. हूं. हूं. शेवटी मुलाने वडिलांच्या पायांवर डोके ठेवले असावे, कारण शेतकरी म्हणाले, “उठ उठ, आधी जेवून घे.”

मी माफी मागितली. चाचा म्हणाले, “तुमी बी घाबरून लिव्हलं असंल बाई. घाबरलं का माणूस कुठं बी बोट दाखवतं.” त्या वाक्यातील क्षमा मला आजवर पूर्णपणे स्वीकारता आलेली नाही.

मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, आणि मी त्या वहीत लिहून घेतल्या. तो भाग पुस्तिकेत छापायचा नाही. संस्थेच्या कपाटातल्या प्रतीत मात्र ठेवायचा, त्यांच्याच नावाने. आणि मधला, धान्याचा मथळा काढायचा.

“दोन्ही काढते,” मी म्हटले. “पहिला अधिक वाईट आहे.”

“मंग वर काय लिव्हनार?”

शेतकरी म्हणाले, “पेवाजवळ. एवढंच लिव्हा.”

सर परत आल्यावर मी सगळे सांगितले. नोकरी जाईल या भीतीने रात्रभर झोप लागली नव्हती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांनी माझी वही मागितली आणि पहिल्या दिवशीच्या सूचनांना स्वतःच्या हाताने आकडे घातले: बोलणारे, मग शब्द, मग मथळे. खाली लिहिले: मूळ फाइलवर काम करू नये. “हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं,” एवढेच ते म्हणाले.

तो भाग मी कॅसेटवरून स्वतः पुन्हा लिहिला. चाचांनी निघताना एक चौथी गोष्ट सांगितली होती, सायकलवर बसता बसता: “आन् याचे हूं बी लिव्हा त्यात. त्याबिगर मी कुठला सांगतो?” म्हणून त्या एका पानावर मी एकही हुंकार काढलेला नाही. हेडफोन लावून एकेक जागा पुन्हा पुन्हा ऐकली. प्रत्येक वाक्यामागे शेतकऱ्याचा हूं लगोलग येतो. फक्त “मी बोट दाखवलं, पेवाकडं” यानंतर लगेच येत नाही. फीत फिरत राहते. कुठे तरी कोंबडा आरवतो, बाज करकरते, आणि मग कुठे हूं येतो. मधल्या जागेत काय लिहावे, हे मला कितीतरी वेळ ठरवता येईना. निरर्थक शब्द काढण्याचा नियम माहीत होता, पण शब्दच नसलेल्या जागेचे काय करायचे, हे सरांच्या आकड्यांत नव्हते.

शेवटी मी ऐकू आले तेवढेच लिहिले. “थांबतात. बाजेचा आवाज.” आणि त्याच्या खालच्या ओळीत, शेतकऱ्याच्या नावापुढे: “हूं.”